वीस जणांच्या कंपनीचं ध्येयविधान आणि मूल्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लहान कंपन्यांच्या संस्थापकांसाठी आणि भरतीची जबाबदारी असणाऱ्यांसाठी आहे. माणसं घेताना आणि अडलेले निर्णय सोडवताना उपयोगी पडेल असा मजकूर कसा लिहायचा आणि तो रोजच्या कामात कसा उतरवायचा, एवढाच इथला विषय आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी शेवटपर्यंत सोबत ठेवली आहे. ती लहान दवाखान्यांसाठी नोंदी आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवते. दोन संस्थापक, आठ डेव्हलपर, सपोर्टला चार, विक्रीला तीन, डिझाइनला दोन आणि हिशेबाला एक, असे मिळून वीस जण.

वीस जणांच्या कंपनीला हे लिहून ठेवायची गरज आहे का?

आठ-दहा माणसं असेपर्यंत बहुतेक वेळा नसते. संस्थापक प्रत्येक बैठकीत असतात, प्रत्येक उमेदवाराला स्वतः भेटतात, आणि त्यांनी काय ठरवलं असतं हे शेजारी बसणाऱ्याला ऐकूनच कळतं. वीसच्या आसपास हे तुटतं. मधे टीम लीड येतात, विक्रीचा माणूस एकटा ग्राहकाकडे जातो, आणि मुलाखतीची पहिली फेरी दुसरंच कुणीतरी घेतं.

गरज निर्माण झाल्याची दोन लक्षणं मला खात्रीची वाटतात. पहिलं म्हणजे एकाच प्रकारचा प्रश्न संस्थापकांकडे पुन्हा पुन्हा येतो: या ग्राहकाला सूट द्यायची का, ही तारीख पुढे ढकलायची का. दुसरं लक्षण म्हणजे एकाच प्रसंगी दोन टीम उलट निर्णय घेतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. यातलं काहीच होत नसेल तर घाई करू नका. अजून न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसलं की मजकूर हमखास गुळगुळीत होतो.

ध्येयविधानात काय असावं?

आपण कुणासाठी काम करतो आणि त्यांच्या आयुष्यात नेमका काय बदल घडवतो, एवढं एका वाक्यात. आपल्या कंपनीचा पहिला मसुदा असा होता: ‘तंत्रज्ञानाच्या मदतीने आरोग्यसेवा अधिक सक्षम करणे.’ या वाक्याच्या आधारावर एकही काम नाकारता येत नाही. मोठ्या रुग्णालयाचं काम, औषध कंपनीसाठी ॲप, विमा कंपनीसाठी डेटा, सगळंच त्यात बसतं.

दुसरा मसुदा असा झाला: ‘एक-दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदी आणि बिलांसाठी वेगळा माणूस ठेवावा लागू नये.’ आता विक्रीच्या माणसाला कळतं की दोनशे खाटांचं रुग्णालय आपलं ग्राहक नाही. डिझाइनरला कळतं की जे वापरायला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागेल ते चुकीचं डिझाइन आहे. कसोटी हीच: गेल्या वर्षात आलेलं, पैसे देणारं आणि तरी नाकारायला हवं असं एखादं काम या वाक्याने नाकारलं गेलं असतं का? नसेल तर वाक्य अजून अर्धवट आहे.

प्रामाणिकपणा, गुणवत्ता, सांघिक भावना ही मूल्यं का चालत नाहीत?

या गोष्टी चुकीच्या नाहीत, पण त्यांच्या विरुद्ध बाजूला कुणीच उभं नसतं. अप्रामाणिकपणा हे आमचं मूल्य आहे असं कोणतीही कंपनी म्हणणार नाही, त्यामुळे निवड करायची वेळ आली की या शब्दांचा आधार मिळत नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही चार मूल्यं जाहीर केली होती, आणि हिशेबातल्या गैरव्यवहारांमुळे डिसेंबर २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ते चार शब्द जसेच्या तसे दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या भिंतीवर शोभले असते. खोटं बोलू नये, सहकाऱ्यांचा अपमान करू नये, या अटी कामाच्या नियमांत लिहा. तिथे त्या बंधनकारक असतात आणि मोडल्या तर कारवाई होते.

कामाचं मूल्य दोन चांगल्या गोष्टींमधून एक निवडतं. वेग आणि अचूकपणा दोन्ही चांगले. मोठा ग्राहक आणि जुना लहान ग्राहक, दोन्ही हवेत. दोन्ही एकाच वेळी मिळत नसतील तेव्हा आपण कशावर पाणी सोडतो, हे त्या वाक्यात दिसायला हवं.

मग मूल्यं शोधायची कशी?

मागच्या निर्णयांमधून. कोऱ्या कागदावर आवडते शब्द लिहायला सांगितलं तर सगळे तेच आठ-दहा शब्द लिहितात. त्याऐवजी दोन्ही संस्थापक आणि तीन-चार जुने सहकारी यांनी, एकमेकांशी न बोलता, गेल्या दोन वर्षांतले असे निर्णय लिहून काढावेत ज्यांची काहीतरी किंमत मोजावी लागली: पैसे गेले, ग्राहक गेला, तारीख चुकली किंवा माणूस गेला. ज्या निर्णयांचा आज पश्चात्ताप होतो, तेही लिहावेत. मूल्य मोडलं की कुठे दुखतं ते त्यांतूनच स्पष्ट दिसतं.

आपल्या कंपनीच्या यादीतले चार प्रसंग पाहू. एकदा बिलात पैसे पूर्णांकात करताना चूक होत होती, म्हणून जाहीर केलेली आवृत्ती दोन आठवडे पुढे ढकलली. एकदा काही तासांच्या नोंदी सर्व्हरवरून गेल्या. ते त्याच दिवशी सगळ्या दवाखान्यांना कळवलं, आणि दोन ग्राहक सोडून गेले. एका मोठ्या ग्राहकासाठी खास भाग बनवायला अर्धी डेव्हलपर टीम तीन महिने अडकली आणि तेवढा काळ बाकीच्यांच्या तक्रारी तशाच पडून राहिल्या. याचा सगळ्यांना पश्चात्ताप होता. आणि एका हुशार डेव्हलपरला घेतलं, जो सपोर्टच्या माणसांनी आणलेल्या तक्रारी वाचतच नसे. तो सात महिन्यांनी गेला, पण तोवर सपोर्टमधली दोन माणसं कंटाळून निघून गेली होती.

या चार प्रसंगांतून चार वाक्यं आली:

बिलाचा आकडा चुकत असेल तर आम्ही तारीख चुकवतो.

वाईट बातमी त्याच दिवशी सांगतो, ज्याला फटका बसणार त्याला, उपाय सापडलेला नसला तरी.

एका मोठ्या ग्राहकाची मागणी आणि अनेक लहान दवाखान्यांची अडचण समोरासमोर आली, तर आधी अडचण सोडवतो.

सपोर्टकडून आलेली तक्रार खोटी ठरवायच्या आधी स्वतः करून पाहतो.

यातलं एकही वाक्य भिंतीवर लावण्याइतकं देखणं नाही. पण सकाळी रुजू झालेल्या माणसालाही संध्याकाळपर्यंत त्यातलं एखादं वापरता येईल.

ही वाक्यं बरोबर आहेत हे कसं तपासायचं?

यादीतले काही निर्णय मसुदा लिहिताना मुद्दाम बाजूला ठेवा. वाक्यं तयार झाली की ते प्रसंग, शेवट न सांगता, मसुद्यात नसलेल्या तीन जणांना द्या आणि फक्त या वाक्यांच्या आधारे काय ठरवाल ते लिहायला सांगा. तिघांची उत्तरं जुळली आणि तुम्हाला आज योग्य वाटणाऱ्या निर्णयाशीही जुळली, तर वाक्य पक्कं. तिघांनी तीन उत्तरं दिली तर वाक्य धूसर आहे. तिघांचं एकमत झालं पण तुम्हाला ते उत्तर पटत नाही, असं झालं तर मात्र थांबा. तुम्ही जे लिहिलंय ते तुमचं खरं मूल्य नाही, ती फक्त इच्छा आहे. इच्छा असायला हरकत नाही, पण तिला मूल्यांच्या यादीत बसवलं की लोक बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवत नाहीत.

मूल्यं किती असावीत, आणि क्रम लागतो का?

तीन किंवा चार. न बघता सांगता आली पाहिजेत. क्रम मात्र नक्की लावा, कारण मूल्यं आपापसांतही भिडतात. बिलाच्या चुकीमुळे तारीख लांबवली तर लहान दवाखान्यांची दुसरी एखादी अडचण लांबणीवर पडते. अशा वेळी वरची ओळ जिंकते.

क्रमाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचं आहे. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये लिहिलेल्या ‘क्रेडो’मध्ये, म्हणजे कंपनीच्या तत्त्वांच्या मजकुरात, जबाबदाऱ्या ओळीने लावल्या होत्या: आधी उत्पादन वापरणारे डॉक्टर, परिचारिका, रुग्णालयं आणि माता, मग कर्मचारी, मग समाज, आणि शेवटी भागधारक. १९७० च्या दशकात कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जेम्स बर्क यांनी अधिकाऱ्यांच्या बैठका घेऊन हा मजकूर पाळायचा की काढून टाकायचा, असा थेट प्रश्न ठेवला होता. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या कंपनीच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. तेव्हा कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. भागधारक शेवटी आहेत हे आधीच ठरलेलं आणि वादातून तावून निघालेलं होतं, त्याचा त्या दिवसांत आधार झाला. याच कंपनीवर पुढे टाल्क पावडरीबद्दल हजारो दावे झाले. एकदा उपयोगी पडलेला मजकूर पुढच्या पिढीत आपोआप पाळला जातो असं नाही.

लिहिण्यात सगळ्या वीस जणांना घ्यावं का?

प्रसंग सगळ्यांकडून घ्या, लेखन चार-पाच जणांनी करा, शेवटचा शब्द संस्थापकांचा. मतदानाने लिहिलेल्या मजकुरात कुणालाच न टोचणारे शब्द उरतात. मसुदा मात्र अंतिम होण्याआधी सगळ्यांसमोर वाचा आणि ‘आपण याच्या उलट कधी वागलो?’ हा एकच प्रश्न विचारा. उत्तरं ऐकताना बचाव करू नका.

भरतीत याचा वापर नेमका कसा करायचा?

वीस जणांत एक नवा माणूस म्हणजे आधीच्या माणसांचा विसावा भाग, त्यामुळे सर्वांत जास्त कष्ट इथे घ्यावेत. प्रत्येक मूल्यासाठी एक प्रश्न, दोन-तीन पूरक प्रश्न आणि उत्तराला गुण देण्याची लेखी पट्टी तयार करा. ‘तुम्ही पारदर्शक आहात का?’ असं विचारू नका आणि ‘तुम्ही काय कराल?’ असंही शक्यतो नको. काय केलं ते विचारा.

‘वाईट बातमी त्याच दिवशी’ या मूल्याचा प्रश्न असा: ‘तुमच्या कामातली एखादी चूक बाकी कुणाला कळायच्या आधी तुमच्या लक्षात आली, असा प्रसंग सांगा.’ मग पूरक प्रश्न: लक्षात आल्यापासून किती वेळाने सांगितलंत? पहिल्यांदा कुणाला? तेव्हा काय माहीत नव्हतं? सांगितल्याचा काय परिणाम झाला? खरा प्रसंग असला की तपशील आपोआप येतात. दिवस, माणसांच्या भूमिका, बोललेली वाक्यं आठवतात. रचलेलं उत्तर दुसऱ्या पूरक प्रश्नालाच ‘आम्ही साधारणपणे असं करतो’ याकडे वळतं.

पट्टी चार पायऱ्यांची पुरते. चूक दुसऱ्यानेच शोधली किंवा प्रसंगच आठवत नाही, तर एक. आधी गुपचूप दुरुस्त केली आणि मग सांगितली, तर दोन. त्याच दिवशी आपल्या वरिष्ठाला सांगितली, तर तीन. ज्याला फटका बसणार त्याच्यापर्यंत, उपाय हाती नसताना, पुढची माहिती कधी देऊ ते सांगून पोहोचवली, तर चार. दोन मुलाखतकार स्वतंत्रपणे गुण लिहितात आणि लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलतात. हा क्रम उलटला की जो आधी बोलतो त्याचंच मत दोघांचं होतं. कोणत्याही मूल्यावर चर्चेनंतरही एकच गुण राहिला तर उमेदवार कितीही कुशल असला तरी पुढे जाऊ नये, हे मुलाखती सुरू होण्यापूर्वी ठरवा. चांगला उमेदवार समोर बसल्यावर असे नियम ठरवता येत नाहीत.

नुकतंच शिक्षण संपवलेल्या उमेदवाराकडे असा प्रसंग नसेल तर कामाचा नमुना घ्या. सपोर्टच्या जागेसाठी: ‘आज सकाळच्या तीन तासांच्या नोंदी गेल्या आहेत, कारण अजून कळलेलं नाही, एका डॉक्टरांना मेल लिहा.’ वीस मिनिटं द्या. मेलमध्ये नुकसान पहिल्या दोन ओळींत आहे की ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांमागे लपलंय, ते पाहा.

सगळ्यांना तेच प्रश्न आणि तीच पट्टी हा आग्रह कोरड्या शिस्तीसाठी नाही. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरमांडणी केली, तेव्हा पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात ठरावीक प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर आली. गप्पांसारखी मुलाखत तिच्या बरीच खाली होती.

यातून आपल्यासारखीच माणसं घेतली जात नाहीत का?

हा धोका खरा आहे, आणि ‘आपल्यात मिसळेल का?’ हा प्रश्न विचारला की तो ओढवतो. लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या नामांकित कायदा, बँकिंग आणि सल्लागार कंपन्यांतल्या भरतीचा अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवलं की मुलाखतकार उमेदवाराचे छंद, अनुभव आणि बोलण्याची ढब आपल्याशी जुळते का याला मोठं वजन देत होते. मूल्यांच्या नावाखाली हेच होऊ नये म्हणून गुणांच्या पट्टीत फक्त वागणं लिहा. ‘उत्साही वाटली’, ‘आपल्यातला वाटला’ अशा नोंदी ग्राह्य धरू नका. वाईट बातमी लगेच सांगणारा माणूस अबोल असू शकतो, दुसऱ्या क्षेत्रातून आलेला असू शकतो, संस्थापकांच्या दुप्पट वयाचाही असू शकतो.

रोजच्या निर्णयांत मूल्यं कशी येतात?

ज्या निर्णयात पैसा, तारीख किंवा माणूस पणाला लागलाय, त्याची चार ओळींची नोंद ठेवा: काय ठरवायचं होतं, कोणते पर्याय होते, कोणतं मूल्य लागू पडलं, आणि आपण काय गमावलं. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ती कोरी राहत असेल तर मूल्याचं नाव नंतर चिकटवलेलं असतं.

आपल्या कंपनीकडे तीन शाखांचं एक रुग्णालय आलं. त्यांना शाखांची तुलना करणारे अहवाल आणि विभागवार परवानग्या हव्या होत्या. विक्रीला होकार द्यायचा होता. टीम लीडने तिसरं मूल्य काढलं आणि तक्रारींची यादी पाहिली. दवाखान्यांच्या चाळीस तक्रारी प्रलंबित होत्या, आणि त्यातल्या अकरा परवानग्यांबद्दलच होत्या. रिसेप्शनवरच्या माणसाला डॉक्टरांच्या नोंदी दिसू नयेत, ही लहान दवाखान्यांचीही गरज होती. म्हणून परवानग्यांचं काम घेतलं, तुलनेचे अहवाल नाकारले, आणि ते रुग्णालय निघून गेलं. नोंदीत लिहिलं: गमावलं – त्या वर्षातला सर्वांत मोठा ग्राहक. हा निर्णय संस्थापकांना न विचारता झाला, आणि नंतर वाचल्यावर त्यांना तो आपलाच वाटला.

सर्वांत चांगलं काम करणारा माणूसच मूल्य मोडत असेल तर?

आधी त्याला नेमकी घटना सांगा: कोणत्या दिवशी, कोणती तक्रार, काय झालं. ‘तुझी वृत्ती बरोबर नाही’ असं म्हणून काही बदलत नाही. सहा ते आठ आठवडे द्या, त्या काळात काय दिसायला हवं ते लिहून द्या, आणि बढती किंवा पगारवाढ तोपर्यंत थांबवा. बदल झाला नाही तर त्याला जाऊ द्यावं लागतं. वीस जणांच्या कंपनीत हे प्रकरण प्रत्येक जण रोज पाहत असतो. त्याला सूट मिळाली की ते मूल्य बाकी एकोणीस जणांसाठी संपतं, आणि मुलाखतीत त्याबद्दल विचारणाऱ्या सहकाऱ्यालाही आपण खोटं बोलतोय असं वाटू लागतं.

संस्थापकांनीच मोडलं तर?

मोडलं जाईल. रोख रकमेची चणचण असताना नको असलेलं काम घ्यावं लागतं. तेव्हा गप्प राहणं सर्वांत महाग पडतं. सगळ्यांसमोर सांगा: हे तिसऱ्या मूल्याच्या विरुद्ध आहे, तीन महिन्यांचे पगार सुरक्षित करण्यासाठी घेतोय, अमुक तारखेला संपेल, आणि त्यानंतर असं दुसरं काम घेणार नाही. ती तारीख पाळा. वर्षात असे अपवाद तीन-चार झाले तर मात्र मूल्य बदललेलं आहे, आणि कागदही बदलायला हवा.

वेबसाइटवर टाकावं का?

नोकरीच्या जाहिरातीत नक्की टाका, त्या वाक्यांची किंमत लपवू नका. ‘बिलाचा आकडा चुकत असेल तर आम्ही तारीख चुकवतो’ हे वाचून काही लोक अर्जच करणार नाहीत, आणि ते दोघांच्याही सोयीचं आहे. बाकी ठिकाणी टाकलं काय, नाही टाकलं काय, फारसा फरक पडत नाही.

उपयोग होतोय की नाही हे कधी आणि कसं पाहायचं?

सहा महिन्यांनी निर्णयांच्या नोंदी आणि मुलाखतींचे गुण एकत्र घेऊन बसा. एखादं मूल्य एकाही नोंदीत आलं नसेल, तर एकतर ते इतकं अंगवळणी पडलंय की लिहायची गरज नाही, किंवा कुणाला त्याची आठवणच नाही. कोणतं ते विचारल्यावर लगेच कळतं. एखाद्या मूल्यावर सगळ्याच उमेदवारांना तीन-चार गुण मिळत असतील तर तो प्रश्न निरुपयोगी आहे, बदला. रुजू झालेल्यांचे मुलाखतीतले गुण आणि आज त्यांच्या टीम लीडने दिलेले गुण शेजारी ठेवा. वीस जणांत आकडेवारीने काही सिद्ध होत नाही, पण जिथे दोन्हींत मोठी तफावत आहे अशा एका-दोघांबद्दल सविस्तर बोला. मुलाखतीतल्या कोणत्या उत्तराने आपण फसलो ते सापडलं, तर गुणांच्या पट्टीतली ती पायरी नव्या शब्दांत लिहा आणि पुढच्या उमेदवारापासून तीच वापरा.